बाटलीतलं पाणी

इस्पितळात मुलाच्या, शेषगिरीच्या, खाटेच्या पायथ्याशी आपला नवरा बसलेला आहे, हे चंद्राबाईंना पहिल्याच दिवशी दिसलं. अंगात रेल्वेचा खाकी कोट, खाली धोतर, आणि धोतराचा सोगा ओलाचिंब. नरसिंहराव काही बोलले नाहीत. हयातीतही ते फारसं बोलत नसत.

चंद्राबाई वेड्या नव्हत्या. नवरा बारा-चौदा वर्षांपूर्वी गेला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्याचं जाणं त्यांनी स्वतःच्या हातांनी पिळलं होतं. येलहंकाच्या स्टेशनात नरसिंहराव पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. दिवेलागणीला रुळांच्या कडेच्या गवतात त्यांना घोणस चावली. शेजारच्या कंपाउंडरने तेव्हाच्या समजुतीप्रमाणे चाव्यावर पात्याने दोन चिरा दिल्या, म्हणजे विष बाहेर पडेल. विष काही बाहेर पडलं नाही. रक्त मात्र जे सुरू झालं ते थांबेना. हळद भरली, राख भरली, फडकी बांधली. चंद्राबाई फडकं काढायच्या, घंगाळात पिळायच्या, पुन्हा बांधायच्या. मग हिरड्यांतून आलं, नाकातून आलं. ते थेंब घंगाळात पडतानाचा आवाज पुढे आयुष्यभर त्यांच्या घरात राहिला. नळ गळाला की त्या उठून बसत.

आणि आता मुलगा. जयनगरात तेव्हा नवी घरं उठत होती. शेषगिरी तिथे ओव्हरसियर होता. झुडपं तोडून, दगड हलवून प्लॉट मोकळे करायचे, दोऱ्या लावायच्या. दगडाच्या ढिगाशी पाय ठेवला आणि घोट्याच्या वर घोणस डसली. खंडोजी मेस्त्रीने फावड्याने सापाला तिथेच ठेचलं, सिमेंटच्या पोत्यात भरलं, आणि जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, एका बाजूला शेषगिरी, दुसऱ्या बाजूला पोतं असा इस्पितळात आला.

"डॉक्टर, हे बघा, मंडल आहे, घोणस," म्हणून त्याने पोतं टेबलावर उलटं केलं, तशी सिस्टर फिलोमिना दोन पावलं मागे सरली.

"अरे, खाली ठेव ते! मेलंय ना नक्की?"

"सिस्टर, माझ्या फावड्याखालून आजवर कोणी जिवंत गेलेलं नाही. फक्त माझी बायको तेवढी आहे," खंडोजी म्हणाला. चंद्राबाई धावत आल्या तेव्हा तो त्यांना म्हणाला, "अक्का, नाव शेषगिरी ठेवलंत आणि सापाला ओळख पटली नाही बघा. काळजी करू नका. सरी होतंय, ठीक होतंय सगळं."

डॉक्टर हयवदन तरुण होते. वेल्लोरला शिकून आलेले, घरी मराठी बोलणारे, गळ्यात स्टेथोस्कोप आणि कपाळावर बारीक गंध. त्यांनी पाय कापला नाही, चाव्याला हातही लावला नाही. दंडातून थोडं रक्त काढलं, एका स्वच्छ काचेच्या नळीत घेतलं, आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीसेक मिनिटांनी ती आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहत नळीच्या तोंडापर्यंत आलं.

"अम्मा, हे बघताय?" ते चंद्राबाईंना म्हणाले. "चांगलं रक्त एवढ्या वेळात दह्यासारखं लागतं. गोठायला लागणारा माल रक्तात असतो, तो या विषाने उधळून टाकलाय. म्हणून हे लागत नाही. आता विषावरचं सीरम शिरेतून देतो. ते विषाला बांधून टाकेल. मग शरीर काही तासांत नवा माल तयार करतं. तोवर याला उगाच कुठेही सुई टोचायची नाही, कापायचं तर नाहीच."

चंद्राबाईंनी मान हलवली, पण त्यांनी ऐकलं ते एवढंच, की रक्त लागत नाही. खाटेच्या पायथ्याशी नरसिंहरावांनी सोगा सावरला.

सीरमच्या बाटल्या लागल्या. संध्याकाळी नळी पुन्हा आडवी केली तर रक्त अजून वाहत होतं. आणखी सीरम दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी पालथी केली आणि रक्त तळाशी घट्ट बसून राहिलं. वॉर्डात जरा हसूही आलं. क्षमाला, शेषगिरीच्या बायकोला, चंद्राबाईंनीच घरी पाठवलं. तिचं बाळ अंगावर पीत होतं.

पण त्याच सकाळी शेषगिरीला जी लघवी झाली ती काळ्या कॉफीच्या रंगाची होती, आणि मोजून अर्धी वाटी. त्यानंतर दुपारपर्यंत काही नाही.

डॉक्टरांनी काचेची उभी बाटली मागवली. तिच्यावर रेघा होत्या. "एक थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही," ते म्हणाले. "विषाने उधळलेला तो माल मूत्रपिंडांच्या बारीक गाळण्यांत गुठळ्या होऊन अडकला असेल, नळ्या सुजल्या असतील. पडणारं पाणी हीच त्यांची बातमी. धडधाकट माणसाला दिवसाला दीड लिटर लघवी होते. चारशे सी.सी.च्या खाली गेली की मूत्रपिंडं रुसली म्हणायचं."

"मग त्याला पाणी जास्त पाजू का, डॉक्टर? बार्ली? शहाळं?"

"नाही, अम्मा. तिथेच सगळे चुकतात. गटार तुंबलं असताना वरून घागरी ओतल्या तर घर बुडतं. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं, आणि वर दोन पेले. बस्स. शहाळ्याचं तर नावच नको, त्यातलं पोटॅशियम हृदयाला आवरत नाही."

हे ते हळू आणि दोनदा सांगत. चंद्राबाईंना कळतही होतं. पण दोन दिवस गेले, बाटलीत जेमतेम दोनशे साचलं, मग दीडशे, शेषगिरीचा चेहरा फुगला, त्याला मळमळू लागलं, आणि डॉक्टर पुढचं वाक्य बोलले.

"रक्तातला युरिया चढतोय. उद्यापर्यंत लघवी वाढली नाही तर वाट बघण्यात अर्थ नाही. बेंबीखाली छोटंसं छिद्र करून नळी घालतो. पोटात आतड्यांभोवती पातळ पडदा असतो, तो गाळणीचं काम करतो. कोमट औषधी पाणी आत सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, आणि रक्तातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं. याला डायलिसिस म्हणतात. मूत्रपिंडं पुन्हा उभी राहीपर्यंत."

"पोटाला छिद्र?"

"लहान. तिथे बधिर करून."

"आणि रक्त?"

"रक्त आता लागतंय, अम्मा. नळी तुम्ही पाहिलीत ना?"

पाहिली होती. पण घंगाळही पाहिलं होतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले, आणि चंद्राबाईंच्या डोळ्यांसमोर मुलाचं उघडं पोट आलं, त्यावर एक चीर, आणि त्या चिरेतून थेंब. त्यांनी पायथ्याशी पाहिलं. नरसिंहराव आपल्या घोट्याकडे बघत होते.

फिलोमिना बाटली सकाळ-संध्याकाळ मोजायची. मधल्या वेळात बाटली खाटेखाली असे आणि भांडं लावण्याचं काम चंद्राबाईंकडे असे, कारण आपल्या मुलाचं कोणी परक्याने करावं हे त्यांना सोसवत नव्हतं. त्या दुपारी वॉर्ड पेंगत होता. पंखा फिरत होता. शेषगिरीला ग्लानी आली होती. चंद्राबाईंच्या हाताशी पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता.

त्यांनी फार विचार केला असं नाही. विचार केला असता तर हात थांबला असता. त्या वाकल्या, तांब्याचं तोंड बाटलीच्या तोंडाला लावलं आणि ओतलं. रंग फिका झाला. रेघ वर चढली. वर पाहिलं तर नरसिंहरावांनी मान हलवल्यासारखी वाटली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा चंद्राबाईंच्या कानांतला तो थेंबांचा आवाज थांबला.

संध्याकाळी फिलोमिना खुशीत आली. ती मंगळूरची, तिच्या कोंकणीतून मराठी वाकडीतिकडी यायची. "अम्मा, बघ गे! पाचशांवर गेलं! तुझो पूत शहाणो रे!"

चंद्राबाईंनी हात जोडले. हात ओले होते.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी ओतलं. आता थांबणार कसं? एकदम कमी झालं तर संशय येणार. थोडं जास्तच ओतावं लागलं.

डॉक्टर हयवदन तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिले. "लघवी वाढतेय. युरिया मात्र अजून चढतोच आहे. असं होतं कधी कधी. मूत्रपिंडं उघडतात तेव्हा पहिले दोन-तीन दिवस पाणी नुसतं वाहतं, घाण नंतर सुटते." त्यांनी फिलोमिनाला सांगितलं, "नळी घालायचं थांबवू या. आणि जेवढी जातेय तेवढं पाणी भरून द्यायला हवं. पिण्याचं वाढवा. सलाईनही लावू."

चंद्राबाईंना हे ऐकू आलं. त्यांनी आनंदाने पदर डोळ्यांना लावला. मुलगा तहानेने व्याकूळ होता, आता त्याला पेला मिळणार होता. त्यांनी स्वतःच्या हाताने तो त्याच्या ओठांना लावला. शेषगिरी घटाघटा प्याला.

हिशेब सोपा होता, एखाद्या पोरालाही घालता आला असता. जेवढं तांब्यातून बाटलीत, तेवढं पेल्यातून पोरात. आणि पोराकडून बाहेर जायला वाट नाही. पण हा हिशेब चंद्राबाईंनी मांडला नाही. त्या नळी टळली एवढंच धरून बसल्या होत्या.

तो त्यांच्यासमोर मांडला शेषगिरीच्या छातीने. तिसऱ्या सकाळी त्याला आडवं पडवेना. उशा लावल्या, तरी पडवेना. तो खाटेच्या कडेला बसला, हात गुडघ्यांवर, खांदे वर. श्वासाबरोबर छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. ओठांवर गुलाबी फेस होता.

"आई," तो तुटक म्हणाला, "मी... पाण्यात... बुडतोय का?"

खंडोजी भेटायला आला होता, दारातच थबकला.

डॉक्टर धावत आले. सलाईन बंद केलं, ऑक्सिजन लावला, पाठीला स्टेथोस्कोप लावला. "फुफ्फुसांत पाणी भरलंय. पण का? लघवी तर होतेय!" त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. आत फिकट, जवळजवळ स्वच्छ पाणी होतं, अर्ध्याच्या वर. "एवढी होत असताना..." ते स्वतःशीच म्हणाले. "हृदय दमलं की काय? विषाने हृदयालाही... सिस्टर, हृदयाचं औषध आणा. डिजिटॅलिस."

फिलोमिना वळली. चंद्राबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. नरसिंहराव आता पायथ्याशी नव्हते. ते मुलाच्या शेजारी, त्याच्यासारखेच हात गुडघ्यांवर टेकून बसले होते, आणि दोघांचे खांदे एकदमच वर-खाली होत होते. चंद्राबाईंना वाटलं, आपण गप्प राहिलो तर आज इथून दोघे उठून जातील.

"ते पाणी आहे," त्या म्हणाल्या.

कोणी ऐकलं नाही.

"डॉक्टर! ते पाणी आहे. पिण्याचं. मी ओतलं."

बाटली डॉक्टरांच्या हातातच राहिली.

"किती?"

"जास्तच. त्याची स्वतःची वाटीभरही नसेल."

"कधीपासून?"

"तुम्ही पोटाला छिद्र म्हणालात तेव्हापासून."

डॉक्टर हयवदन यांच्या ओठांवर पहिल्यांदा जे आलं ते बोलण्यासारखं नव्हतं, आणि ते त्यांनी गिळलं. शिव्या द्यायला वेळही नव्हता. "सिस्टर, हृदयाचं औषध नको. ई.सी.जी. काढा. डायलिसिसच्या बाटल्या गरम पाण्यात ठेवा. आत्ता." ई.सी.जी.च्या कागदावर शिखरं उंच आणि टोकदार उठली होती. त्यांनी बोट ठेवलं. "पोटॅशियम. श्वास, पोटॅशियम, युरिया, आणि लघवी नाही. याच्या पुढे वाट बघायला काहीच उरलं नाही." कॅल्शियमचं इंजेक्शन हळूहळू शिरेत गेलं.

मग त्यांनी पुन्हा एकदा दंडातून रक्त घेतलं, नळीत भरलं, आणि ती नळी टेबलावर न ठेवता चंद्राबाईंच्या हातात दिली.

"धरा, अम्मा. हलवू नका. आम्ही तयारी करतो. यातलं रक्त लागलं नाही तर मी छिद्र करणार नाही, दुसरं काही बघेन. लागलं तर करणार. तुम्हीच सांगायचं मला."

काच कोमट होती. मुलाच्या अंगाएवढी कोमट. चंद्राबाई ती मुठीत धरून उभ्या राहिल्या. मागे बाटल्यांचे, भांड्यांचे आवाज येत होते. कानात घंगाळ वाजत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. डॉक्टरांनी मागून "आता" म्हटलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच नळी पालथी केली आणि थेंब पायावर पडायची वाट पाहिली.

पडला नाही. डोळे उघडले. लालसर काळी गुठळी काचेत घट्ट बसली होती.

"लागलंय," त्या म्हणाल्या. तोंडातून आवाज आला की नाही, त्यांना कळलं नाही. डॉक्टरांनी मात्र मान हलवली.

नळी आत गेली तेव्हा खंडोजीने चंद्राबाईंना बाहेर नेलं. "अक्का, बसा स्वल्प," तो म्हणाला. मग स्वतःच सांगू लागला, "मी त्याच्या पायाला सुंभाने एवढं आवळून बांधलं होतं, की डॉक्टर म्हणाले, मेस्त्री, साप राहिला बाजूला, तूच पाय काढून घेतला असतास. जीव लावला की हात असंच काहीतरी करतात."

आत बोलावलं तेव्हा खाटेवर उंच काचेच्या बाटल्या टांगलेल्या होत्या आणि खाली जमिनीवर रिकाम्या. पाणी आत जाई, अर्धा-पाऊण तास थांबे, बाहेर येई. पहिल्या फेरीचं पाणी गुलाबी आलं. चंद्राबाईंच्या तोंडून किंकाळी निघायची राहिली. फिलोमिनाने त्यांचा दंड धरला. "पयलें असंच येतां. बघ." दुसऱ्या फेरीला फिकं आलं. चौथ्याला गव्हाच्या पेंढ्यासारखं पिवळट. आत जाईल त्यापेक्षा थोडं जास्त बाहेर येत होतं, आणि ते जास्तीचं पाणी कोणाच्या हातून आत गेलं होतं हे चंद्राबाईंना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी शेषगिरी आडवा होऊन झोपला.

फिलोमिनाने तांब्या मात्र उचलून नेला. "राग नाही, अम्मा. पण आता बाटली मी बघणार, भांडं मी लावणार. पाणी प्यायचं तर नळावर जा." चंद्राबाईंनी कबूल केलं. त्या खाटेपासून दूर स्टुलावर बसत, हात मांडीवर उताणे ठेवून. नरसिंहराव कुठे गेले होते ते त्यांनी शोधलं नाही. पण रात्री घरी गेल्या की स्वयंपाकघरात पाणी ओतल्याचा आवाज येई. उठून पाहिलं तर सगळी भांडी पालथी असत.

नळी काढली, पुन्हा काही दिवसांनी घातली. बाटली कोरडीच राहत होती. डॉक्टर हयवदन यांनी चंद्राबाईंना समोर बसवून सांगितलं. नळ्या नुसत्या सुजल्या असतील तर दोन-तीन आठवड्यांत वाट मोकळी होते. गाळण्याच मेल्या असतील तर नाही होत. "कोणतं आहे ते मला आज दिसत नाही, अम्मा. ते फक्त बाटली सांगेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ही पोटाची गाळणी कायमची चालवायची सोय आपल्याकडे नाही." त्यांनी खोटं सांगितलं नाही. चंद्राबाईंना ते आवडलं नाही, आणि आवडलंही.

मग एक सकाळ आली. फिलोमिना सुट्टीवरून परतलेली, बदलीची नर्स पलीकडच्या खाटेशी अडकलेली. चंद्राबाईंचा स्टुलावर डोळा लागला होता. जाग आली ती फिलोमिनाच्या आवाजाने.

"अम्मा! पुन्हा?"

तिच्या हातात बाटली होती. पाऊण भरलेली. फिकट, जवळजवळ स्वच्छ.

चंद्राबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ओले होते. तोंड धुऊन आल्या होत्या का? आल्या होत्या, असं वाटलं. नळावर. की नळावरून काही आणलं होतं? स्वप्नात त्या ओतत होत्या, हे त्यांना आठवत होतं. रोजच ओतत होत्या.

"मी नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "मला माहीत नाही, सिस्टर. मला खरंच माहीत नाही. ते धरू नका खरं. ओतून टाका. त्याला यावर पाणी देऊ नका."

डॉक्टर आले. ते बाटलीकडे बघत होते, मग चंद्राबाईंकडे. शेषगिरी उशीवरून हे सगळं बघत होता, हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले, पण जागा.

"सिस्टर," तो जरा ओशाळून म्हणाला, "बाटली द्या."

"आताच तर..."

"पुन्हा लागलीय."

फिलोमिनाने रिकामी बाटली घेतली. खाटेभोवती पडदा ओढला, पण डॉक्टर आतच राहिले. चंद्राबाई उठू लागल्या, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्हीही थांबा, अम्मा. पाठ करून उभ्या राहा हवं तर. पण थांबा."

त्या पाठ करून उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले आणि सगळ्यांना दिसतील असे एकमेकांत घट्ट धरले. वॉर्डात पंखा फिरत होता. बराच वेळ काहीच नाही. मग काचेच्या तळावर एक थेंब वाजला. त्यांचे खांदे आक्रसले. दुसरा वाजला. आणि मग थेंबांना थेंब लागले, धार झाली, आणि ती धार थांबेचना. रेघेमागून रेघ बुडत असल्यासारखा आवाज चढत गेला.

"आई," मागून शेषगिरी म्हणाला, "रडतेस कशाला गं? लोक बघतायत."

चंद्राबाईंनी हात सोडले नाहीत. त्या तशाच उभ्या राहून ऐकत राहिल्या.